नऊ नंबरचे बूट

आमच्या स्टोअरमध्ये लोखंडी रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवर नऊ नंबरच्या सेफ्टी शूजचा एक जोड गेली सहा वर्षं पडून आहे. वाळूजच्या आमच्या कारखान्यात नऊ नंबरचा पाय सहसा येत नाही. सात आणि आठ हातोहात जातात, नऊ तसाच राहतो. हे बूट ज्याच्यासाठी मागवले तो इंजिनिअर एका सोमवारी सकाळी नऊला रुजू व्हायचा होता. ऑफर लेटरवर सही करून त्यानं ते परत पाठवलं होतं. ओळखपत्र छापून झालं होतं, कँटीनला एक ताट जास्तीचं सांगून झालं होतं. साडेनवाला मी गेटवर फोन लावला. वॉचमन म्हणाला, "कुणीच नाही आलं मॅडम." दहाला परत तेच. अकराला त्याचा मोबाइल लावला तर तो बंद.

माझं काम भरतीचं. माणसं शोधायची, मुलाखती लावायच्या, ऑफर द्यायची आणि मग रुजू होईपर्यंत वाट बघायची. त्या दिवशी प्लांट हेडनी मला एकच प्रश्न विचारला, "दोन महिने होते तुमच्याकडे, या दोन महिन्यांत तुम्ही त्याच्याशी काय बोललात?" मी मोबाइल काढून दाखवला. सही केलेलं ऑफर लेटर मिळाल्याची पोच, त्यानंतर साठ दिवसांची सामसूम, आणि शनिवारी दुपारी इंग्रजीतून धाडलेला एक मेसेज. मराठीत सांगायचं तर असा: "प्रिय उमेदवार, आपली रुजू होण्याची तारीख येत्या सोमवारी आहे याची आठवण करून देत आहोत. कृपया वेळेवर हजर राहावे." त्याखाली त्याचं उत्तर, दीड मिनिटात आलेलं: "येस मॅम."

त्या "येस मॅम"वर मी निर्धास्त झाले होते. खरं तर ज्या मेसेजला "हो" याशिवाय दुसरं उत्तरच देता येत नाही, त्याचं "हो" आलं तरी आपल्याला काही कळलेलं नसतं. त्यातून आपल्या मराठवाड्यात तोंडावर "नाही" म्हणायची रीतच नाही. लग्नाची पत्रिका घेऊन दारात गेलं की प्रत्येक जण म्हणतो, "येतो ना, हे काय सांगणं झालं?" त्यातले निम्मे येत नाहीत, आणि यजमानालाही ते ठाऊक असतं. पण एखादा जेव्हा विचारतो, "आम्ही पाच जण येऊ लालो, सेलूहून एसटी कितीला आहे, मुक्कामाची सोय कुठं?", तेव्हा यजमान मनातल्या मनात पाच ताटं वाढवतो. येणारा माणूस येण्याची व्यवस्था विचारतो. न येणारा फक्त "येतो" म्हणतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं, कामावर मात्र उपयोगात आणलं नव्हतं.

ते आणायला लावलं आमच्या स्टोअरच्या काकांनी. नऊ नंबरचा जोड परत घ्यायला दुकानदारानं नकार दिला, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "मॅडम, आधी माणूस पक्का करा, मग मला नंबर सांगा. नाहीतर नंबरच त्याला विचारा, दहा दिवस आधी." तोवर बुटांचा नंबर मुलाखतीच्या फॉर्मवरच लिहून घ्यायचो आम्ही. काकांच्या सांगण्यावरून मी तो रकाना काढून टाकला आणि रुजू होण्याच्या आठ-दहा दिवस आधी मेसेज टाकू लागले: "तुमच्या सेफ्टी शूजचा नंबर कळवा, म्हणजे पहिल्या दिवशी तयार ठेवता येतील."

पुढच्या काही महिन्यांत एक गंमत लक्षात आली. जे यायचे होते त्यांचं उत्तर तासाभरात यायचं, आणि त्याला हमखास काहीतरी शेपूट असायचं. "आठ, पण जरा रुंद असला तर बरं." "सात, पण माझ्याकडं जुने आहेत, ते चालतील का?" ज्यांचं मन दुसरीकडे लागलेलं असायचं त्यांचं उत्तर लांबायचं. "सांगतो मॅडम." "बघून सांगतो." स्वतःच्या पायाचा नंबर बघून सांगणारा माणूस! सोमवारी येतो असं खोटं म्हणायला काही लागत नाही. पण जिथं जायचंच नाही तिथं आपल्यासाठी बूट विकत घ्यायला लावणं बहुतेकांना जड जातं. आपली पोरं एवढी कोडगी नसतात. म्हणून ती गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं मला आठ दिवस आधी कळतं.

तेव्हापासून एक नियमच करून टाकला. मेसेजमध्ये "येताय ना?" असं कधीच विचारायचं नाही. येणाऱ्यालाच ज्याचं उत्तर ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं, आणि एका मेसेजमध्ये एकच गोष्ट.

यातला एक किस्सा तपशिलानं सांगते, कारण जे काही बिघडू शकतं ते जवळपास सगळं त्यात बिघडायला आलं होतं.

2024 चा उन्हाळा. आम्हाला मशीन शॉपसाठी क्वालिटी इंजिनिअर हवा होता. जो मुलगा निवडला तो सेलू तालुक्यातला, चाकणला तीन वर्षं नोकरी केलेला. घरी चार एकर कोरडवाहू, वडील एकटे करणारे. चाकणहून गावाकडे जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. वाळूजला आला तर रेल्वेनं अडीच-तीन तासांत घर. आमच्याकडे येण्याचं त्याचं खरं कारण हेच होतं, आणि मुलाखतीत त्यानं ते बोलूनही दाखवलं होतं. एप्रिलच्या शेवटी त्यानं ऑफर स्वीकारली. नोटीस पीरियड साठ दिवसांचा. 2 मेला राजीनामा देणार, 1 जुलैला, सोमवारी, आमच्याकडे रुजू होणार, असं ठरलं.

पहिला मेसेज मी 4 मेला टाकला, म्हणजे त्यानं राजीनामा द्यायचा त्यानंतर दोनच दिवसांनी. ही वेळ मी मुद्दाम धरते. राजीनामा दिल्यावर पहिला आठवडा सगळ्यात नाजूक असतो, कारण साहेब केबिनमध्ये बोलावून "काय झालं, किती पाहिजे?" असं विचारतात ते याच दिवसांत. मी लिहिलं: "राजीनामा दिला असेल तर तो मंजूर झाल्याचा मेल आला का? शेवटचा दिवस कोणता धरलाय त्यांनी?"

उत्तर आलं: "हो मॅडम, साहेबांशी बोललोय."

विचारलं होतं मेलचं आणि उत्तर आलं बोलण्याचं. नवखी असते तर "छान" म्हणून पुढे गेले असते. साहेबांशी बोलणं आणि राजीनामा देणं यात फरक आहे. बोललेलं मागे घेता येतं. मेल गेला की नोटीसचे दिवस मोजायला लागतात. मी परत एवढंच लिहिलं, "मेल ज्या तारखेला कराल तिथून साठ दिवस धरावे लागतील, म्हणून विचारलं. तारीख पुढे गेली तर आपण इकडची बदलू, काळजी नको." तिसऱ्या दिवशी, 7 मेला, त्याचा फोन आला. साहेब म्हणाले होते, आठ दिवस थांब, मेल करू नको. हा थांबला होता. मला सांगायला लाज वाटत होती, कारण मला 2 तारीख दिली होती.

"इकडची तारीख बदलू" हे मी लिहिलं नसतं तर हा फोन आला नसता अशी माझी पक्की समजूत आहे. दिलेला शब्द हुकला की माणूस तोंड चुकवायला लागतो, आणि एकदा तोंड चुकवायला लागला की शेवटी मोबाइल बंद करतो. कितीतरी जण नोकरी नको म्हणून गायब होत नाहीत. एवढीशी अडचण वेळेवर सांगितली नाही, आता कुठल्या तोंडानं सांगू, म्हणून गायब होतात. मेसेजचं निम्मं काम तर वाईट बातमी सांगायला वाट करून देण्याचंच आहे.

त्यानं त्याच दिवशी मेल केला. तिकडच्या एचआरनं पाच सुट्ट्या नोटीसमध्ये धरल्या आणि शेवटचा दिवस 30 जूनच राहिला.

मे महिनाभर मी त्याला फारसा त्रास दिला नाही. रोज उठून खुशाली विचारणारा भरतीवाला म्हणजे हप्ता वसूल करणारा वाटतो. महिन्याच्या मध्यावर फक्त आमच्या क्वालिटीच्या सीनियरला सांगितलं, तुम्ही एकदा बोला. त्यांनी त्याला आमच्या गेज रूमचा, म्हणजे मापं तपासायच्या खोलीचा, फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हे सीएमएम नवीन आलंय. तिकडं तुम्ही कोणतं वापरता?" त्या दोघांचं त्यावर अर्धा तास चाललं. एचआरच्या दहा मेसेजनी होत नाही ते असं एखाद्या वेळी होऊन जातं, कारण ज्याच्या हाताखाली काम करायचंय त्या माणसाचा आवाज ऐकू येतो. एक पथ्य मात्र पाळायचं. सीनियरनं कामाबद्दल बोलावं, पगाराबद्दल किंवा तारखेबद्दल बोलू नये. नाहीतर दोन माणसं दोन गोष्टी सांगतात आणि त्यातून नवीनच घोळ होतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोरगं अचानक थंडावलं. खोली कुठे बघताय म्हणून विचारलं होतं, वाळूजजवळच्या बजाजनगरला की रांजणगावला. एरवी तासाभरात उत्तर देणारा दोन दिवस बोलेना. निळ्या खुणा दिसत होत्या. या वेळी मेसेजवर मेसेज टाकायचे नसतात. संध्याकाळी सातनंतर, म्हणजे तो शिफ्ट संपवून खोलीवर आला असेल तेव्हा, मी फोन केला.

तिकडच्या साहेबांनी परत बोलावलं होतं. शेवटचे पंधरा-वीस दिवस उरले की असं दुसऱ्यांदा होतं, कारण तोवर त्यांना बदली माणूस मिळालेला नसतो. त्यांनी हातात साडेचौतीस हजार देऊ म्हणून सांगितलं होतं. त्याला तोवर साडेतीस हातात पडत होते.

"मग आमच्याकडे किती पडतील असं धरलंय तुम्ही?" मी विचारलं.

"चाळीस ना मॅडम. लेटरवर तसं आहे."

मला तिथंच घाम फुटला. लेटरवर वर्षाचे 4 लाख 80 हजार लिहिले होते, आणि ते सीटीसी होतं, म्हणजे कंपनीला त्याच्यापायी पडणारा एकूण खर्च. त्यानं सरळ बाराने भागलं होतं. खरा हिशेब असा: महिन्याच्या चाळीस हजारांत कंपनीनं भरायचे पीएफचे 1,800 आणि ग्रॅच्युइटीपोटी बाजूला ठेवायचे साधारण 866 हेही धरलेले असतात. ते वजा केले की उरतात 37,334. त्यातून त्याच्या स्वतःच्या पीएफचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की हातात पडतात 35,334. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, तेव्हा आणखी शंभर कमी. म्हणजे तिकडच्या साडेचौतीसपेक्षा फरक फक्त आठशेचा. आणि त्याच्या डोक्यात होता साडेपाच हजारांचा.

हे सांगावं की नाही? आमच्या एका सहकाऱ्याचं मत होतं, आता कशाला उकरून काढता, आधी येऊ तर द्या. मला ते पटलं नाही, आणि त्यात सज्जनपणाचा भाग कमी, हिशेबाचाच जास्त होता. पहिली पगाराची स्लिप हातात पडल्यावर जो माणूस सोडून जातो तो न आलेल्या माणसापेक्षा महाग पडतो. त्याला ट्रेनिंग दिलेलं असतं, दुसऱ्या नंबरचा उमेदवार तोवर दुसरीकडे लागलेला असतो. मी त्याला फोनवर आकडे सांगितले आणि रात्री मेसेजमध्ये लिहूनही पाठवले, एका ओळीत एक. शेवटी लिहिलं: "नीट बघा, घरी बोला. नको वाटलं तर शुक्रवारपर्यंत सांगा, मला राग येणार नाही. त्यानंतर सांगितलंत तर अडचण होईल, कारण दुसरा उमेदवार थांबवून ठेवलाय."

दुसरा उमेदवार खरंच थांबवून ठेवला होता. जालन्याचा होता, आणि त्यालाही मी सांगितलं होतं की तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, पक्कं काय ते जूनच्या मध्यापर्यंत कळेल. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला काहीच न सांगता टांगून ठेवणं ही आमच्या धंद्यातली घाणेरडी खोड आहे. आम्हीच असे वागतो, वर उमेदवारांनी दोन-दोन ऑफर हातात ठेवल्या की निष्ठेच्या गप्पा मारतो. ऑफर देऊन आठ दिवस आधी ती मागे घेणाऱ्या कंपन्याही मी पाहिल्यात. पोरांनी यातून धडा घेतला तर दोष कोणाला द्यायचा?

शुक्रवारी दुपारी त्याचा मेसेज आला. पैशाचं एक अक्षर नाही त्यात. "मॅडम, वडिलांशी बोललो. येतो. पण 1 तारखेला कसं जमंल? 30 ला तिकडचा शेवटचा दिवस आहे, आणि पेरणी बी राहिलीय."

आता मात्र चूक सरळ सरळ माझी होती. 30 जून रविवार. त्यांच्याकडे रविवारीही शिफ्ट चालायची, म्हणजे संध्याकाळपर्यंत तो चाकणला, आणि सोमवारी सकाळी नऊला वाळूजच्या गेटवर. मधे खोली रिकामी करायची, डिपॉझिट परत घ्यायचं, गादी-गॅस-सामान हलवायचं, इकडे खोली शोधायची, सगळं एका रात्रीत. मी कॅलेंडरवर नोटीस संपल्याचा दुसरा दिवस बघून 1 तारीख टाकली होती, आणि ऑफर मिळाल्याच्या आनंदात त्यानं हो म्हटलं होतं. अशी तारीख म्हणजे न येण्याची तजवीज आपणच करून ठेवणं. त्यातून गावाकडची पेरणी राहिलेली. घरात तरणा पोरगा दोनच दिवस मोकळा असेल तर ते दोन दिवस तो कुठे असणार हे मराठवाड्यात सांगावं लागत नाही.

मी तारीख गुरुवारवर नेली, 4 जुलैवर. शुक्रवारही धरता आला असता, पण त्या दिवशी, 5 ला, अमावास्या होती. त्याला स्वतःला काही वाटलं नसतं, पण घरी आईला वाटलं असतं, आणि आई नको म्हणाली की गाडी हुकते. हे कुठल्याही एचआरच्या पुस्तकात नसेल, पण रुजू होण्याची तारीख टाकताना कालनिर्णय उघडून बघते मी. पितृपक्षात तर सोमवार-मंगळवार सोडाच, अख्खा पंधरवडाच टाळता आला तर बघते.

त्यानंतर दोनच मेसेज. आठवडाभर आधीचा बुटांचा. "आठ. मोजे मिळतात का तिथं?" असं उत्तर आलं आणि मी काकांना नंबर कळवला.

शेवटचा मेसेज बुधवारी संध्याकाळी सहाचा. रात्री उशिरा पाठवला तर उत्तर द्यायला वेळ मिळत नाही, आणि सकाळी पाठवला तर तो माणूस निघालेला तरी असतो किंवा निघायचं रद्द करून झोपलेला तरी. हा मेसेज जसाच्या तसा देते:

"उद्या गुरुवारी सकाळी सव्वानऊला गेट नंबर 2 वर या. नऊला शिफ्टची गर्दी असते, म्हणून सव्वानऊ. वॉचमनकडे तुमचं नाव दिलंय, माझं नाव सांगा, मी स्वतः न्यायला येते. आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो आणा. रिलीव्हिंग लेटर हातात आलं नसेल तरी या, राजीनामा मंजूर झाल्याचा मेल पुरेसा आहे, लेटर महिन्याभरात दिलं तरी चालेल. बजाजनगरहून चालत पंधरा मिनिटं लागतात. नाश्ता इकडेच करू. मुक्कामाला पोचलात का?"

यातलं रिलीव्हिंग लेटरचं वाक्य मी एका धड्यानंतर घातलंय. लातूरकडच्या एका मुलाचा हिशेब जुन्या कंपनीनं अडकवून ठेवला होता, लेटर देत नव्हते. आमच्या छापील यादीत "रिलीव्हिंग लेटर अनिवार्य" असं होतं. पोरानं समजून घेतलं की लेटरशिवाय गेटवरून परत पाठवतील, आणि आलाच नाही. तीन आठवड्यांनी लेटर मिळाल्यावर फोन केला, "आता येऊ का?" तोवर जागा भरली होती. बहुतेक कंपन्या शेवटच्या दिवशी लेटर देतच नाहीत, पूर्ण हिशेब झाल्यावर देतात. हे आम्हाला माहीत असतं, तीन वर्षं नोकरी केलेल्या पोराला नसतं.

आणि शेवटचा प्रश्न, "मुक्कामाला पोचलात का?" हा बुटांच्या नंबरचाच भाऊ. त्याचं उत्तर "हो" असं असलं तरी चालतं, कारण त्या "हो"ला एक गाव असतं. सेलूच्या मुलाचं उत्तर रात्री आठला आलं. खोलीचा फोटोच होता. कोपऱ्यात गुंडाळलेली गादी, खिडकीत स्टील डबा आणि भिंतीला टेकवलेली एक खताची गोणी. गोणीत सामान भरून आणलं होतं. खाली लिहिलं होतं, "पोचलो मॅडम. पेरणी झाली."

सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी तो गेटवर होता. पायात चपला होत्या, बोटांच्या कडेला काळी माती अजून होती.

हे सगळं करूनही माणसं येत नाहीतच. गेल्या दिवाळीच्या आधीचा एक जण. बुटांचा नंबर तासाभरात कळवला, वर "आठ, इंडियन साइज" असंही लिहिलं. आदल्या दिवशी मुक्कामाला पोचलो म्हणाला, आणि खरंच पोचलाही होता. पण त्याच्या हातात शेंद्र्याच्या एका कारखान्याची दुसरी ऑफर होती, तीही त्याच सोमवारची, आणि मुक्काम ज्या मित्राकडे होता त्या मित्रानंच ती मिळवून दिली होती. शहर तेच, खोली तीच, गेट मात्र दुसरं. मेसेजनं तो कळण्यासारखा नव्हता. मुलाखतीत "आणखी कुठे बोलणं चाललंय का?" हे मी नीट विचारलं असतं तर कळला असता कदाचित. आणि पगारच कमी असेल, किंवा मुलाखतीत सुपरवायझर त्याच्याशी तिरकस बोलला असेल, तर मेसेज कितीही गोड लिहा, काही होत नाही. मेसेजनं गैरसमज आणि भीती काढता येते. दुसरीकडे पाच हजार जास्त मिळत असतील तर ते काढता येत नाहीत.

गप्प बसलेला प्रत्येक जण पळालेलाच असतो असंही नाही. एक मुलगी चार दिवस उत्तर देत नव्हती. मी मनातून तिला वजा करून टाकलं होतं. नंतर कळलं, आईला घेऊन घाटी हॉस्पिटलात होती, मोबाइल भावाकडे. म्हणून उत्तर आलं नाही की मी आधी घरच्या दुसऱ्या नंबरवर एक फोन करते, आणि पहिलं वाक्य "रुजू होणार का?" हे नसतं. "सगळं बरं आहे ना?" हे असतं. त्या मुलीला आठ दिवस पुढची तारीख दिली. आजही आमच्याकडे आहे ती.

धमकीचे मेसेज मात्र कधी पाठवत नाही. "रुजू न झाल्यास कारवाई करण्यात येईल" असं लिहायची आमच्याकडे कुणाकुणाला फार हौस आहे. असल्या मेसेजनं येणारा दचकतो आणि न येणाऱ्याला मोबाइल बंद करायला कारण मिळतं, एवढाच त्याचा परिणाम मी पाहिलाय.

परवा काकांनी स्टोअर आवरायला काढलं. नऊ नंबरचा खोका माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, याचा सोल कडक पडलाय आता. कुणाला द्यायचा असंल तर ह्याच महिन्यात." येत्या सोमवारी नांदेडचा एक मेंटेनन्सचा मुलगा रुजू व्हायचाय, मुलाखतीला आला तेव्हा दारातून वाकून आत शिरला होता. काल संध्याकाळी त्याला बुटांचा नंबर विचारलाय. आता सकाळचे साडेदहा झालेत. अजून उत्तर नाही, खुणाही करड्याच आहेत. दुपारी जेवण झालं की फोन करीन.